फ्रिजसोबत ३२ कुपनं मिळणार, पण त्यांची खरी किंमत किती?

परळची_प्राजक्ता (६ ऑक्टोबर २०२५)

नमस्कार मंडळी. आमचा फ्रिज गेल्या आठवड्यात कायमचा बंद पडला, त्यामुळे नवीन घ्यायचाच आहे. दादरच्या ज्या मोठ्या दुकानातून आम्ही सणासुदीची खरेदी करतो, तिथे तो ३२,००० ला आहे. आमच्या गल्लीतल्या दुकानात तेच मॉडेल ३०,५०० ला मिळतंय. फरक १,५०० चा.

दादरच्या दुकानात २२ ऑगस्ट ते १९ ऑक्टोबर बक्षीस योजना आहे. दर १,००० रुपयांच्या बिलामागे एक कुपन. माझ्याकडे चार बिलांची मिळून १४ कुपनं आहेत, फ्रिजची आणखी ३२ येतील. पहिली सोडत २६ ऑक्टोबरला. त्यात १ गाडी (किंमत ८ लाख), १० स्कूटर (प्रत्येकी ९०,०००), १०० मिक्सर (३,००० चे) आणि शंभर-शंभर रुपयांची ४,००० व्हाउचर आहेत. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "ताई, दर पन्नास कुपनांमागे एक बक्षीस आहे." म्हणजे फ्रिज घेतला तर ४६ कुपनं होतात, एक बक्षीस जवळजवळ नक्की, असं ह्यांचं म्हणणं.

पहिल्या सोडतीत नंबर लागला नाही तर कुपनाच्या आपल्याकडच्या अर्ध्या भागावरचा कोड खरवडून वेबसाइटवर भरायचा, मग 'दुसरी संधी' सोडतीत नाव जातं. तिथे १२,००० चे २५ मोबाइल आहेत.

१,५०० जास्त देण्याइतकी ही कुपनं मोलाची आहेत का? हिशोब कसा मांडायचा ते कुणी सांगेल का?

मीनाकाकू

आमचे हे बरीच वर्षं राज्य लॉटरीचं तिकीट घेत होते. एकदाच शंभर रुपये लागले. नको त्या नादी लागू नकोस बाळ.

परळची_प्राजक्ता

काकू, ही लॉटरीची तिकिटं नाहीत, खरेदीवर फुकट मिळणारी कुपनं आहेत. फ्रिज तर घ्यायचाच आहे, कुठून घ्यायचा एवढाच प्रश्न आहे.

आदित्य_बोरिवली

ताई, आधी "पन्नासला एक" म्हणजे पन्नास कुपनांवर एक नक्की, हे डोक्यातून काढा. प्रत्येक कुपन न लागण्याची शक्यता ९८ टक्के. पन्नासही न लागण्याची शक्यता ०.९८ चा पन्नासावा घात, म्हणजे साधारण ३६ टक्के. पन्नास कुपनं घेऊनही तिघांतला एक जण रिकाम्या हातानेच परत येतो.

आता मुख्य मुद्दा. शक्यता काढायला एकूण कुपनं किती ते लागतं आणि दुकान ते सांगत नाही. पण कुपनावर अनुक्रमांक असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे क्रमांक बघून दोस्तांच्या संख्याशास्त्रज्ञांनी एकूण रणगाड्यांचा अंदाज बांधला होता, तीच पद्धत. मिळालेल्या क्रमांकांतला सगळ्यात मोठा घ्यायचा आणि त्यात, तो भागिले आपल्याकडच्या क्रमांकांची संख्या, एवढं मिळवायचं. एका बिलाची सगळी कुपनं लागोपाठची असतात, म्हणून एका बिलाचा एकच क्रमांक धरा. मी बोरिवली शाखेतून दोनदा घेतलंय: २३ ऑगस्टला १,२०,८६६ आणि ४ ऑक्टोबरला १,४१,०५२. बाकीच्यांनीही इथे टाका.

परळची_प्राजक्ता

माझे दादरचे: २४ ऑगस्ट १,३१२. १३ सप्टेंबर १२,४८५. २८ सप्टेंबर २१,९०३. काल, ५ ऑक्टोबरला २९,७४८.

स्वाती_ठाणे

ठाणे शाखा. पहिल्याच दिवशी २२ ऑगस्टला ६०,७४४ आणि काल ८४,२१५.

आदित्य_बोरिवली

झाले आठ क्रमांक. सगळ्यात मोठा १,४१,०५२. त्यात त्याचा आठवा हिस्सा मिळवला की साधारण १ लाख ५९ हजार. एकूण कुपनं एवढी.

छापखाना

आदित्य, पद्धत चांगली आहे, पण इथे ती जशीच्या तशी लागू होत नाही. लोअर परळच्या एका छापखान्यात मी बावीस वर्षं नंबरिंगचं काम केलं आणि अशी कुपनं लाखांनी छापली. ती शंभर-शंभरच्या पुस्तकांत बांधतात आणि प्रत्येक शाखेला सलग नंबरांचा गठ्ठा देतात. पुढे शाखा आपापल्या गठ्ठ्यातली पुस्तकं क्रमाने फोडत जाते.

आता तुम्हीच टाकलेले नंबर तारखेप्रमाणे लावून बघा. स्वातीताईंना पहिल्याच दिवशी ६०,७४४ मिळाला, तर प्राजक्ताताईंना दीड महिन्यानंतर २९,७४८. सगळीकडे एकच रांग चालू असती तर हे झालं नसतं. म्हणजे दादरचा गठ्ठा १ पासून, ठाण्याचा ६०,००१ पासून आणि बोरिवलीचा १,२०,००१ पासून. रणगाड्यांच्या हिशोबात हाती आलेले नंबर सगळ्या संख्येतून कसेही उचललेले असावे लागतात. इथे प्रत्येक शाखेच्या गठ्ठ्याचा पुढचा भाग अजून कोराच आहे आणि तुझ्या उत्तरात तोही मोजला गेला.

इथे त्याहून सोपा मार्ग आहे. कुपनं क्रमाने दिली जातात, त्यामुळे ताजा नंबर वजा गठ्ठ्याची सुरुवात केली की आजवर किती दिली ते कळतं. दादर सुमारे २९,७००, ठाणे २४,२००, बोरिवली २१,०००. मिळून ७५,०००. वेबसाइटवर वाशीची शाखाही दिसते. तिथला नंबर आपल्याकडे नाही, म्हणून अंदाजाने २०,००० धरतो. म्हणजे ४५ दिवसांत साधारण ९५,०००, दिवसाला २,१००. उरलेले दोन आठवडे दिवाळीचे आहेत. त्याच वेगाने गेलं तर सव्वा लाखावर थांबेल, वेग दुप्पट झाला तर दीड लाखाच्या वर जाईल. मी १ लाख ४० हजार धरीन.

स्वाती_ठाणे

आणि छापली किती असतील?

छापखाना

ते काउंटरवरच्या मुलाने नकळत सांगितलंय. ४,००० व्हाउचर आणि १११ वस्तू, एकूण ४,१११ बक्षिसं. पन्नासला एक म्हणजे ४,१११ गुणिले ५०, साधारण २ लाख ५ हजार. छपाईची ऑर्डर गोल आकड्यात असते, तेव्हा दोन लाख, म्हणजे शंभरची दोन हजार पुस्तकं. "पन्नासला एक" हे छापलेल्या कुपनांवरून बोललं जातं. शिवाय त्यातली बहुतेक सगळी बक्षिसं म्हणजे शंभर रुपयांचं व्हाउचर, तेही पुढच्या खरेदीवर वापरायचं.

परळची_प्राजक्ता

बरोबर, किमान १,५०० च्या खरेदीवरच चालतं. व्हाउचर मी सोडूनच देते. मग १११ बक्षिसं, १ लाख ४० हजार कुपनं आणि माझी १४. १४ गुणिले १११ भागिले १,४०,०००, म्हणजे १.१ टक्का. साधारण ९० त एक. गाडीसाठी १०,००० त एक. फ्रिज धरून ४६ कुपनं झाली तर वस्तू लागण्याची शक्यता २७ त एक. बरोबर आहे का?

छापखाना

बरोबर. शक्यता इतकी लहान असली की नुसता गुणाकार चालतो, घातांकाची गरज नाही.

आता १,५०० रुपयांचं बघू. गाडी ८ लाख, स्कूटर मिळून ९ लाख, मिक्सर मिळून ३ लाख. एकूण २० लाख भागिले १ लाख ४० हजार, म्हणजे एका कुपनामागे १४ रुपये. पण गाडी आणि स्कूटरवर ३० टक्के कर आहे. बक्षीस वस्तूच्या रूपात आणि १०,००० च्या वरचं असेल, तर तो कर भरल्याशिवाय ते हातात देता येत नाही. ८ लाखांच्या गाडीसाठी आधी २ लाख ४० हजार भरायचे. हे वजा केलं की उरतात सुमारे १४ लाख ९० हजार, म्हणजे कुपनामागे साडेदहा रुपये. ३२ कुपनांचे साडेतीनशेही होत नाहीत आणि तुम्ही १,५०० मोजणार.

परळची_प्राजक्ता

मग फ्रिज गल्लीतूनच. धन्यवाद काका, तुमचा आणि आदित्यचाही. १४ कुपनं मात्र जपून ठेवते.

सदाशिव_लालबाग (९ ऑक्टोबर)

मला परवा फोन आला की दादरच्या दुकानाच्या योजनेत तुम्हाला स्कूटर लागली, ३० टक्के कराचे २७,००० ताबडतोब भरा. करही ३० टक्केच म्हणाला, म्हणून खरं वाटलं. मी त्या दुकानातून एक पंखा घेतलाय. भरायचे का?

छापखाना

सदाशिवराव, एक पैसाही पाठवू नका. सोडत २६ तारखेला आहे, त्याआधी कुणाला काही लागलेलं नाही. कराची गोष्ट खरी असते, तिचाच ही माणसं फायदा घेतात. खऱ्या बक्षिसात तुमचा कुपन नंबर आधी जाहीर यादीत दिसतो. त्यानंतर कुपन आणि पॅन घेऊन तुम्ही दुकानात जाता, आणि भरलेला कर तुमच्या पॅनच्या २६एएस या आयकर खात्याच्या विवरणात दिसतो. फोनवरच्या माणसाला यातलं काही नको असतं, त्याला फक्त पैसे हवे असतात. आधीच पाठवले असतील तर आत्ता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० वर फोन करा.

सदाशिव_लालबाग

पाठवले नाहीत. आता नंबर ब्लॉक केला.

स्वाती_ठाणे (२७ ऑक्टोबर)

काल सोडत झाली, वेबसाइटवर १११ नंबरांची यादी आली आहे. माझा नाही. प्राजक्ता, तुझा?

परळची_प्राजक्ता

नाही लागला. पण यादी बघताना एक खटकलं. आमच्या शेजारच्या वहिनींनी १९ तारखेला, शेवटच्या दिवशी संध्याकाळी दादरहून खरेदी केली. त्यांच्या कुपनाचा नंबर ४४,३१०. यादीत मात्र ४४,४०० आणि ६०,००० यांच्या मधले सात नंबर आहेत. ती कुपनं कुणाला दिलीच नाहीत, मग लागली कशी?

आदित्य_बोरिवली

म्हणजे फसवाफसवी! नंबर मुद्दाम न दिलेल्या कुपनांतून काढलेत.

छापखाना

थांब, आधी मोजून बघ. नियमांत "संगणकीय सोडत" लिहिलंय. संगणकाला १ ते २,००,००० हे सगळे नंबर दिले असतील, तर ४४,४०० ते ६०,००० या १५,६०० नंबरांच्या वाट्याला किती यायला हवेत? १११ गुणिले १५,६०० भागिले २ लाख, साधारण ८.७. आले सात. हे अगदी जुळतं. मुद्दाम केलं असतं तर फार जास्त आले असते. खोक्यात टाकलेल्या प्रतिपत्रांतून चिठ्ठी उचलली असती, तर एकही यायला नको होता.

माझ्या आधीच्या उत्तराला मात्र याने धक्का बसतो. दिलेली कुपनं १ लाख ४० हजार धरून मी ९० त एक ही शक्यता मान्य केली. नंबर सगळ्या छापील कुपनांतून काढले असतील तर भागायचं २ लाखांनी, म्हणजे १२९ त एक. सोडत चिठ्ठीची की संगणकाची, आणि संगणकाची असेल तर त्याला कोणती यादी दिली, हे मी आधीच विचारायला हवं होतं.

स्वाती_ठाणे

मग न दिलेल्या नंबरांची बक्षिसं दुकानाच्या खिशात?

परळची_प्राजक्ता

नियमांचं पान पुन्हा वाचलं. कलम ११: "१० नोव्हेंबरपर्यंत हक्क न सांगितलेली बक्षिसं दुसऱ्या संधीच्या सोडतीत समाविष्ट केली जातील." काका, म्हणजे त्या सातही वस्तू तिकडे जाणार?

छापखाना

लिहिल्याप्रमाणे वागले तर हो, आणि सातच नाही. छापलेली २ लाख, दिलेली सुमारे १ लाख ४० हजार. ३० टक्के नंबर कुणाच्याच हातात नाहीत, म्हणजे १११ पैकी ३० ते ३५ वस्तूंना धनीच नाही. ३३ धरा. त्यात २५ मोबाइल मिळवले की दुसऱ्या सोडतीत ५८ बक्षिसं होतात, आणि तिथे फक्त ज्यांनी कोड भरला तेच असतात. लोक पहिल्या सोडतीनंतर कुपनं फेकून देतात.

किती जण भरतात ते असं बघा. कोड भरल्यावर पोच क्रमांक येतो. उद्या भरणं सुरू झालं की दोन कोड लागोपाठ भरा. दोन पोच क्रमांक जवळजवळचे आले तर क्रमांक प्रत्येक कोडला मिळतो आणि ओळीने वाढतो. मग काही दिवस थांबून तिसरा भरा. वाढ मोजली की वेग कळेल. पोच क्रमांक आडवेतिडवे आले तर ही युक्ती चालत नाही.

परळची_प्राजक्ता (३ नोव्हेंबर)

२८ तारखेला दोन कोड भरले. पोच क्रमांक २१२ आणि २१४. आज तिसरा भरला, १,९४३. सहा दिवसांत साधारण १,७३०, म्हणजे दिवसाला २९०. शेवटची तारीख १५ नोव्हेंबर. याच वेगाने साडेपाच हजारांच्या आत राहील, पण शेवटच्या दोन दिवसांत गर्दी होईल म्हणून मी ८,००० धरले.

१४ कोड गुणिले ५८ भागिले ८,०००, म्हणजे जवळपास १० टक्के. दहात एक! नुसते मोबाइल धरले तरी २३ त एक. पहिल्या सोडतीत १२९ त एक होती.

आदित्य_बोरिवली

माझा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. तिथल्या राज्य लॉटरीत न लागलेल्या स्क्रॅच तिकिटांचे कोड सेकंड चान्सला भरता येतात. त्याचे सहकारी तिकीट खरवडून कचऱ्यात टाकतात, तो तेवढी विचारून घेतो. आता कळलं का ते.

पण ताई, मग फ्रिज दादरहून घ्यायला हवा होता का? मोबाइलच धरले तरी कर वजा जाता ८,४०० गुणिले २५ भागिले ८,०००, म्हणजे कोडमागे २६ रुपये. ३२ कोडचे ८४०. वर पहिल्या सोडतीचे साडेतीनशे. १,५०० च्या बरेच जवळ आलं की. त्यात त्या बिनधन्याच्या वस्तू मिळवल्या तर वरच जाईल.

परळची_प्राजक्ता

पहिल्या सोडतीचे साडेतीनशे आता दोन लाखांनी भागून अडीचशेच्याही आत येतात. पण तुझा मुद्दा खरा आहे, माझंही मन काल त्याच हिशोबात होतं. तरी ६ ऑक्टोबरला यातलं काहीच कळायला मार्ग नव्हता. आणि ही सरासरी आहे. १,५०० माझे नक्की गेले असते आणि बहुधा काहीच हाती आलं नसतं.

छापखाना

मला आदित्यचं म्हणणं पूर्ण पटत नाही आणि पूर्ण खोडताही येत नाही. बिनधन्याच्या वस्तू खरंच दुसऱ्या सोडतीत येतात की नाही यावर सगळं अवलंबून आहे. त्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उपयोगी पडेल. बक्षीस योजना संपल्यावर तिच्या अंतिम निकालाची माहिती भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. ज्या वर्तमानपत्रात योजनेची जाहिरात आली होती त्यातच वाजवी मुदतीत ठळकपणे निकाल छापला, तर माहिती दिली असं धरलं जातं. तेव्हा ईमेलने विचारा: १११ पैकी किती बक्षिसांवर हक्क सांगितला गेला आणि उरलेली दुसऱ्या सोडतीत घेतली का? लेखी उत्तर मागा.

वाशीकर_सुनंदा

हा धागा आज बघितला. माझं कुपन वाशी शाखेचं आहे, १८ ऑक्टोबरचं, नंबर १,९१,२६०. गाडीचा नंबर यादीत १,९७,४२० आहे ना? मी घेतलं त्यानंतर एकच दिवस उरला होता.

आदित्य_बोरिवली

एका दिवसात एका शाखेतून सहा हजार कुपनं? वाशीचा गठ्ठा १,६०,००१ पासून धरला, तर वाशीने अठ्ठावन्न दिवसांत मिळून एकतीस हजार दिली. गाडीला धनीच नाही!

छापखाना

शक्यता तीच दिसते, पण पक्कं म्हणू नकोस. एका शाखेत सात-आठ काउंटर असतात आणि पुस्तकं वाटताना कुणी गठ्ठ्याच्या खालून उचललं, तर १,९७,००० चं पुस्तक आधीच फुटलेलं असू शकतं. सुनंदाताई, तुमच्या ओळखीत वाशीहून घेतलेली आणखी कुपनं असतील तर त्यांचे नंबर आणि तारखा टाका. १,९५,००० च्या वरचा एक जरी दिसला तरी चित्र बदलेल.

वाशीकर_सुनंदा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. सहा जणांचे आले. सगळे १,९१,००० च्या आतले. एकाने मात्र कुपन फेकून दिलंय.

परळची_प्राजक्ता

ईमेल पाठवलं, वाशीच्या गाडीचा नंबरही त्यात लिहिला. उरलेले ११ कोड आज रात्री भरते. स्वाती, तुझेही भरून टाक, आणि शेवटच्या दिवशी कुणी भरलं तर पोच क्रमांक इथे लिहा. माझे ८,००० किती चुकले ते कळेल.

स्वाती_ठाणे

माझे पाच भरले. शेवटचा पोच क्रमांक २,०१७. पहिल्या दिवशीचं एक कुपन सापडत नाहीये, बहुतेक रद्दीत गेलं.